हायड्रोजनची लाल रेषा : एका प्रकल्पाच्या नोंदी

५ डिसेंबर

बारावीच्या चार मुलांनी प्रकल्पासाठी हायड्रोजनचा वर्णपट घेतला आहे. आमचं कनिष्ठ महाविद्यालय यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आहे. प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटर आहे, सोडियमचा दिवा आहे, आणि हायड्रोजनची डिस्चार्ज ट्यूब यंदाच आली. उपकरणाला हात लावण्याआधी प्रत्येकाने घरून एकच गणित करून आणायचं असं ठरलं होतं: इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरला तर निघणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी किती?

गणित सोपं आहे. हायड्रोजनच्या n क्रमांकाच्या पातळीची ऊर्जा म्हणजे उणे १३.६ भागिले n चा वर्ग, इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. दुसरी पातळी येते –३.४० वर, तिसरी –१.५१ वर. दोन्हींतला फरक १.८९ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि तेवढी ऊर्जा घेऊन एक फोटॉन बाहेर पडतो. उणे चिन्हाचा अर्थ इतकाच की इलेक्ट्रॉन अणूत बांधलेला आहे आणि त्याला सोडवायला तेवढी ऊर्जा द्यावी लागेल.

चौघं वह्या घेऊन आले आणि उत्तरं जुळेनात. एकाचं ६५६.३४ नॅनोमीटर, दुसरीचं ६५६.४७, तिसऱ्याचं ६५६.११. चौथीने गणित न करता संदर्भपुस्तकातून आकडा उतरवून आणला होता: ६५६.२८.

"चौघाइचे चार उत्तरं! मंग बरोबर कोनाचं, मॅडम?"

त्याच जागी मी प्रकल्पाचा विषय बदलला. वर्णपट पाहून चित्र काढण्याऐवजी हे चार आकडे कुठून आले ते शोधायचं, आणि आमचं उपकरण त्यांतल्या कुणाच्या बाजूने बोलतं ते पाहायचं.

८ डिसेंबर

आज वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. बेरीज-वजाबाकी कुणाचीच चुकलेली नाही. चौघांनी सूत्रात घातलेले आकडेच वेगळे होते.

६५६.३४ वाल्याने ऊर्जेऐवजी थेट तरंगलांबीचं सूत्र वापरून त्यात क्रमिक पुस्तकातला रिडबर्ग स्थिरांक घातला होता, १.०९७ × १०⁷ प्रति मीटर. चौथ्या अंकावर कापलेला आकडा घेतला तर उत्तराचे पहिले तीनच अंक भरवशाचे. म्हणजे हे उत्तर '६५६ च्या आसपास' एवढंच सांगतं. दशांशचिन्हानंतरचे ३ आणि ४ कॅल्क्युलेटरने दिले, निसर्गाने नव्हे.

६५६.११ वाल्याने इंटरनेटवरून पूर्ण स्थिरांक आणला होता, १०९७३७३१.५६८. इतका नेमका आकडा घेतल्यावर उत्तरही सगळ्यात नेमकं असायला हवं अशी त्याची खात्री होती. पण हा स्थिरांक हायड्रोजनचा नाही. अणुकेंद्र अनंत वजनदार आहे, ते जागचं हलतच नाही, असं धरून तो काढलेला असतो. त्याच्या चिन्हाखाली अनंताची खूण असते ती यासाठीच.

सगळ्यात गंमत वाटली ६५६.४७ ची. त्या मुलीने परीक्षेतला झटपट मार्ग वापरला होता: १२४० भागिले ऊर्जा. १२४० हाही कापलेला आकडा (खरा १२३९.८४) आणि १३.६ हाही. तरी तिचं उत्तर हायड्रोजनच्या खऱ्या, निर्वातातल्या तरंगलांबीशी दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळतं. कारण असं की हायड्रोजन अणूची खरी आयनीभवन ऊर्जा १३.५९८४ आहे. तिचं १३.६ करताना आकडा जितक्या पटीने फुगतो, जवळजवळ तितक्याच पटीने १२३९.८४ चं १२४० करतानाही फुगतो. भागाकारात दोन्ही फुगवटे एकमेकांना खाऊन टाकतात. हा निव्वळ योगायोग आहे, पण मुलांना सांगून ठेवण्यासारखा. मुलीला मी म्हटलं, उत्तर तुझं छान आलं, पण त्याची हमी तुझ्या पद्धतीत नाही.

१३ डिसेंबर

डोळ्याला दिसतील अशा रेषा कोणत्या, हे उपकरण लावण्याआधी कागदावर पक्कं केलं.

पहिल्या पातळीवर येणाऱ्या सगळ्या उड्या अतिनील प्रकाश देतात. त्यांतली सर्वांत लांब तरंगलांबीसुद्धा १२१.६ नॅनोमीटरच आहे. तिसऱ्या पातळीवर येणाऱ्या उड्यांमधली सर्वांत आखूड ८२० च्या पलीकडे, म्हणजे अवरक्तात. मधल्या दृश्य पट्ट्यात फक्त दुसऱ्या पातळीवर उतरणारे इलेक्ट्रॉन उरतात. हीच बामर श्रेणी. बाझेलमधल्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बामरने १८८५ मध्ये नुसत्या चार रेषांच्या आकड्यांवरून तिचं सूत्र बसवलं. त्याचं 'का' बोरने १९१३ मध्ये सांगितलं.

संगणकावर चार ओळी लिहून यादी काढली. स्थिरांक हायड्रोजनचा घेतला. शेवटचा रकाना हवेतला आहे. तो का लागतो ते पुढे लिहीन.

```
R = 10967758.3
hawa = 1.00028
for n in range(3, 7):
    w = 1e9 / (R * (1/4 - 1/n**2))
    print(n, round(w, 2), round(w/hawa, 2))
```

```
3 656.47 656.29
4 486.27 486.14
5 434.17 434.05
6 410.29 410.18
```

लाल, निळसर हिरवी, जांभळी आणि त्याच्याही पलीकडची जांभळी. ही यादी जितकं दाखवते तितकंच ती नाकारतेही. ६५६ आणि ४८६ यांच्या मध्ये हायड्रोजन अणूची एकही रेषा असू शकत नाही, कारण ३ आणि ४ यांच्या मध्ये पूर्णांक नाही. हे वाक्य मुलांना वहीत चौकटीत लिहायला लावलं.

१९ डिसेंबर

प्रकाशाचे रंग वेगवेगळ्या कोनांत वळवणाऱ्या आमच्या ग्रेटिंगवर इंचाला १५००० रेघा असं लिहिलं आहे. त्यावरून दोन रेघांमधलं अंतर १६९३.३ नॅनोमीटर येतं. पण आमची ग्रेटिंग मूळ नाही, साच्यावरून काढलेल्या पातळ पापुद्र्याची आहे. पापुद्रा वाळताना किंचित आकसू शकतो. म्हणून लेबलावर विसंबायचं नाही आणि अंतर आपणच मोजायचं, सोडियमच्या दिव्याने.

लॅबमधले काका सकाळी साडेसातलाच दार उघडून बसले होते. "लाइन दहापर्यंत राहीन, मॅडम. मंग भरोसा नाही." सोडियमचा दिवा गरम होऊन पूर्ण पिवळा व्हायलाच बराच वेळ घेतो. त्यामुळे आधी दिवा लावायचा आणि मग कॉलिमेटर, फट, टेबलाची पातळी यांच्या मागे लागायचं असा क्रम ठेवला.

ग्रेटिंगमधून तोच वर्णपट वाढत्या कोनांवर पुन्हा पुन्हा दिसतो, आणि प्रत्येक खेपेला कोटी म्हणतात. दुसऱ्या कोटीत सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा स्पष्ट सुट्या दिसल्या. त्यांतली जास्त तेजस्वी आणि किंचित कमी वळणारी ५८८.९९५ नॅनोमीटरची. दुर्बीण डावीकडे आणि उजवीकडे त्याच रेषेवर आणून दोन वाचनांतला फरक घेतला. तो आला ८८ अंश २३ मिनिटं. त्याचा अर्धा ४४ अंश ११.५ मिनिटं.

डावी-उजवी अशी दोन्ही वाचनं घेण्याचा फायदा असा की शून्य कुठे आहे याची चिंता राहत नाही, आणि वाचनातली एका मिनिटाची चूक कोनात अर्ध्या मिनिटावर येते.

दोन गुणिले ५८८.९९५, भागिले या कोनाची ज्या, म्हणजे साइन. अंतर आलं १६८९.९ नॅनोमीटर. लेबलाशी फरक ०.२ टक्के. ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण लेबल खरं मानलं असतं तर लाल रेषा सुमारे १.३ नॅनोमीटरने लांबली असती, आणि आमचे चारही आकडे मिळून पसरलेत फक्त ०.३६ मध्ये. सगळा प्रश्नच त्या लेबलाखाली गाडला गेला असता.

२३ डिसेंबर

आज हायड्रोजनची ट्यूब लावली. ती काही हजार व्होल्टवर चालते, म्हणून ट्यूबच्या टोकांशी फक्त मी आणि काका. अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद. सलग चालवली तर ट्यूब तापते आणि लवकर निकामी होते. मधला केसासारखा बारीक भाग गुलाबी-किरमिजी पेटतो, आणि फट नेमकी त्याच्यासमोर लावावी लागते.

लाल रेषा पाहताच सापडली. १६ अंश ४३ मिनिटांवर निळसर हिरवी. या दोघींच्या मध्ये खूप फिक्या, दाटीवाटीच्या रेषाही दिसतात. त्या हायड्रोजनच्या रेणूच्या, अणूच्या नव्हेत. ट्यूबमध्ये सगळे रेणू काही फुटलेले नसतात. पण पहिल्या कोटीत १८ अंश ५१ मिनिटांवर एक ठळक हिरवी रेषा होती, आणि ती फिकी मुळीच नव्हती. हिशेब केला तर ५४६ नॅनोमीटर.

वहीतली चौकट कामाला आली. मुलांनी सूत्र उलटं फिरवलं: ५४६ साठी n किती हवा? उत्तर ३.४७. अशी पातळीच नाही. म्हणजे रेषा हायड्रोजनची नाही, हे ती कुठून आली ते कळायच्या आधीच ठरलं.

ट्यूब बंद करून पाहायला सांगितलं. दुर्बिणीला डोळा लावलेला मुलगा ओरडलाच, "मॅडम, ट्यूब बंद केली तरी हे जातच नाही जी!" मग एकेक करून खोलीतले उजेड बंद केले. व्हरांड्यातली ट्यूबलाइट दाराच्या वरच्या काचेतून सरळ कॉलिमेटरवर येत होती. ती बंद करताच हिरवी रेषा गेली. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो आणि पाऱ्याची ५४६.१ ची रेषा ही या पाहुणीची ओळख.

खरा धोका हिरवीचा नव्हता, तिच्यासोबत आलेल्या जांभळीचा होता. पाऱ्याची एक रेषा ४३५.८ वर असते आणि हायड्रोजनची पाचवीवरून दुसरीवर येणारी रेषा ४३४.०५ वर. आमच्या ग्रेटिंगवर दोघींत जेमतेम पावणेचार मिनिटांचं अंतर आहे. रंग तोच. शिवाय पाऱ्याची जास्त ठळक, म्हणून दुर्बिणीतली खुणेची तार साहजिकच तिच्यावर बसते. एका मुलीचं वाचन नेमकं तिथलंच होतं. ४३५.८ साठी n काढला तर ४.९५ येतो, आणि ४.९५ ला 'पाच धरू' म्हणायचा मोह कुणालाही होईल. खऱ्या रेषेसाठी तो ५.००४ येतो. वर्णपटात पूर्णांकापासून ०.०५ दूर म्हणजे फार दूर. ३.४७ पाहून कुणीही थांबेल, ४.९५ वर थांबायला शिकावं लागतं.

दारावरच्या काचेला काकांनी काळा कागद लावला. अंधारात जांभळी पुन्हा मोजली आणि ती ४३४ वर आली. ४१० ची मला दिसली नाही. दोन मुलांना दिसली, आणि मधे न बोलता दोघांनी घेतलेली वाचनं जुळली, म्हणून नोंदवून घेतली. इतक्या आखूड तरंगलांबीला कोवळे डोळे जास्त दाद देतात.

३० डिसेंबर

आता लाल रेषा, नीट. पहिल्या कोटीत ती ठळक आहे पण कामाची नाही. तिथे कोनात अर्ध्या मिनिटाची चूक झाली तर तरंगलांबीत सुमारे ०.२३ नॅनोमीटरचा फरक पडतो, आणि आम्हाला ओळखायचे आहेत ०.१७ चे फरक. दुसऱ्या कोटीत तीच चूक ०.०८ वर येते, कारण रेषा जास्त वळते आणि त्याच नॅनोमीटरला जास्त कोन मिळतो. किंमत अशी की प्रकाश खूप मंद होतो. फट रुंद करावी तर रेषा जाड होते, अरुंद करावी तर दिसेनाशी होते. काळ्या कागदाशिवाय हे जमलंच नसतं.

दोन्ही व्हर्नियरची सरासरी घेऊन डाव्या-उजव्या वाचनांतला फरक १०१ अंश ५५.५ मिनिटं. अर्धा केला, ज्या काढली, १६८९.९४ ने गुणलं आणि दोनने भागलं: ६५६.३२ नॅनोमीटर.

यातली शंका किती? लाल रेषेच्या वाचनातून ०.०८ आणि सोडियमवरून अंतर काढतानाच्या अर्ध्या मिनिटातून साधारण ०.१०. दोन्ही मिळून ०.१३ धरली. म्हणजे खरी तरंगलांबी ६५६.१९ ते ६५६.४५ यांच्यात असावी.

६५६.११ या पट्ट्याबाहेर पडतो. ६५६.४७ अगदी काठावर, पण बाहेर. ६५६.२८ आत आहे. ६५६.३४ ही आत आहे, आणि तो आणणारा मुलगा खूश झाला. त्याला समजावलं की मोजमापाने तुझ्या आकड्याला नकार दिला नाही इतकंच. तो मुळातच कापलेल्या स्थिरांकातून आलाय, त्यामुळे त्याचं तिथे असणं काही सिद्ध करत नाही. काठावरच्या आकड्याबद्दलही मी फार ठाम बोलणार नाही. हात बदलून, म्हणजे दुसऱ्या मुलाने तार बसवून, वाचन पुन्हा घ्यायचं आहे.

४ जानेवारी

आता कारणं. ६५६.११ पासून ६५६.२८ पर्यंत जायला दोन पायऱ्या लागतात, आणि त्या उलट दिशांच्या आहेत.

पहिली पायरी अणुकेंद्राची. मुलींना फुगडीवरून सांगितलं: एक जड आणि एक हलकी अशा दोघी फुगडी घालतात तेव्हा हलकी मोठं वर्तुळ घेते, पण जड बाईही जागची थोडी फिरतेच. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड आहे, तरी तो थोडा फिरतो. म्हणून स्थिरांकाला १ + १/१८३६ ने भागावं लागतं. ऊर्जा तेवढ्याच प्रमाणात कमी होते आणि तरंगलांबी वाढते. ६५६.११ ला १८३६ ने भागलं तर ०.३६. बेरीज ६५६.४७.

ही बारकाव्याची गोष्ट वाटते, पण बोरच्या सिद्धान्ताची १९१३ मध्ये हिच्यावरच परीक्षा झाली. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या रेषा हायड्रोजनसारख्याच असतील, फक्त स्थिरांक चौपट असेल, असं बोरचं म्हणणं होतं. फाउलरने आक्षेप घेतला की मोजमाप ४ नव्हे, ४.००१६ देतं. बोरने उत्तर दिलं की हेलियमचं केंद्र जास्त जड आहे, ते कमी हलतं, तेव्हा गुणोत्तर ४.००१६३ यायला हवं. मुलांनी तो हिशेब स्वतः करून पाहिला. १८३६ आणि ७२९४ हे दोनच आकडे लागतात.

दुसरी पायरी हवेची. अणूतून निघणाऱ्या प्रकाशाची निर्वातातली तरंगलांबी ६५६.४७ आहे, पण आमची ग्रेटिंग हवेत उभी आहे. हवेचा अपवर्तनांक १.०००२८, त्याने भागलं की ६५६.२९. दृश्य प्रकाशाच्या रेषांचे आकडे पुस्तकात सहसा हवेतलेच छापलेले असतात, आणि तसं दरवेळी लिहिलेलं नसतं. गणित निर्वातातलं आणि यादी हवेतली, यामुळेच कितीतरी वह्यांत 'निरीक्षणातील चूक' असा शेरा पडतो.

एक मुलगी म्हणाली, पुस्तकातली हवा १५ अंशांची आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. तिची शंका रास्त आहे. तापलेली हवा विरळ होते, आणि नुसत्या तापमानाचा हिशेब केला तर लाल रेषा ०.०१७ नॅनोमीटरने सरकेल. पण आमच्या पद्धतीत हा फरक उत्तरात उतरत नाही. ग्रेटिंगचं अंतर आम्ही सोडियमच्या हवेतल्या आकड्यावरून काढलं आणि सोडियमचा प्रकाशही त्याच खोलीतल्या हवेतून आला. हवेने दोघांना सारखंच वागवलं.

उरला ०.०१ चा फरक: गणित ६५६.२९ म्हणतं, यादी ६५६.२८. इथे बोरचं सूत्र स्वतःच संपतं. सापेक्षता आणि इलेक्ट्रॉनची फिरकी यांमुळे दुसरी आणि तिसरी पातळी प्रत्येकी चिकटून असलेल्या अनेक पातळ्यांत फुटते, आणि लाल रेषा खरंतर एक नसतेच. मायकेलसन आणि मोर्ली यांना ती १८८७ मध्ये दुहेरी दिसली होती. त्या दोन भागांतलं अंतर सुमारे ०.०१४ नॅनोमीटर आहे. आमच्या फटीच्या जाडीत ते हरवतं.

९ जानेवारी

हात बदलून घेतलेलं वाचन १०१ अंश ५५ मिनिटं आलं. त्यावरून ६५६.२८. शंका तेवढीच आहे, पण आता ६५६.४७ काठापासून स्पष्टपणे दूर गेला.

मुलांनी अहवालात चारही आकडे ठेवायचं ठरवलं, प्रत्येकापुढे तो कशाचा आहे ते लिहून: कापलेल्या स्थिरांकाचा, न हलणाऱ्या केंद्राचा, निर्वातातल्या खऱ्या हायड्रोजनचा, हवेतल्या खऱ्या हायड्रोजनचा.

एकाने विचारलं, केंद्र दुप्पट जड असेल तर? म्हणजे ड्युटेरियम. १८३६ च्या जागी ३६७० घालून त्याने फरक काढला, ०.१८ नॅनोमीटर, निळ्या बाजूला. १९३१ मध्ये युरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ड्युटेरियम शोधला तो अशाच सरकलेल्या फिक्या रेषांवरून. आमच्या दुसऱ्या कोटीत हा फरक सव्वा मिनिटाहूनही कमी भरतो. निसर्गात साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे ड्युटेरियमचा साधारण एकच अणू असतो, त्यामुळे साध्या ट्यूबमध्ये त्याची रेषा मोठ्या लाल रेषेच्या कडेत बुडून जाईल. ड्युटेरियम भरलेली वेगळी ट्यूब मिळाली तर मात्र सव्वा मिनिट आमच्या व्हर्नियरला ओळखता यायला हवं. पुढच्या वर्षीच्या मागणी-यादीत ती ट्यूब लिहिली आहे.